फोटोत निळी, घरी हिरवी: एका दुरंगी साडीच्या वर्णनाची दुरुस्ती

लिस्टिंगचं शीर्षक असं होतं: "मोरपंखी पैठणी सिल्क साडी, रिच पदर, मोठा जरी काठ, ब्लाऊज पीससह". खाली वर्णन: "अस्सल पैठणीचा राजेशाही थाट! गर्द मोरपंखी रंग, मऊसूत सिल्क, मोरांनी सजलेला भरजरी पदर आणि उठावदार काठ. कोणत्याही समारंभात सगळ्यांच्या नजरा तुमच्यावरच!" किंमत १,८५० रुपये. साडी यंत्रमागावरची. ती एका ऑनलाइन बाजारपेठेवर, स्वतःच्या छोट्या वेबसाइटवर आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर विकली जात होती.

हे दुकान आणि त्याचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. साडी, तक्रारींचे प्रकार आणि दुरुस्तीचा क्रम मात्र साड्यांच्या ऑनलाइन धंद्यात नेहमी दिसतो तसाच आहे.

विक्री बरी होती, पण शंभर ऑर्डरींमागे अठरा साड्या परत येत होत्या. चाळीस रिव्ह्यू जमले होते. त्यातल्या सतरांचा सूर एकच होता: दाखवलं एक, आलं दुसरं. विक्रेत्याने पहिला उपाय केला तो बहुतेक जण करतात तोच. वर्णनाच्या तळाशी एक ओळ टाकली: "फोटो आणि प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो." दोन महिन्यांनीही परतीचं प्रमाण होतं तिथेच होतं.

ती ओळ निकामी का ठरते हे आधी पाहू. फरक कोणत्या बाजूला असेल हे ती सांगतच नाही. निळी साडी हवी असलेल्या बाईला "थोडा फरक" म्हणजे जरा गडद निळी किंवा जरा फिकी निळी असं वाटतं, हिरवी तिच्या मनातही येत नाही. कायद्याच्या बाजूनेही त्या ओळीचा आधार फारसा नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही, आणि जाहिरात मालाच्या खऱ्या गुणधर्मांशी जुळेल हे पाहणं ही त्याचीच जबाबदारी आहे. शीर्षकात "सिल्क" लिहायचं आणि तळाशी "थोडा फरक" लिहायचा, याने ही जबाबदारी टळत नाही.

सतरा तक्रारी, चार वेगळी दुखणी

रिव्ह्यू एका कागदावर तीन रकान्यांत उतरवले. पहिल्या रकान्यात ग्राहकाचे शब्द, जसेच्या तसे. दुसऱ्यात लिस्टिंगमधला कोणता शब्द किंवा कोणता फोटो पाहून तिची तशी समजूत झाली असेल ते. तिसरा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला. तो साडी हातात घेऊन, टेप लावूनच भरायचा, आठवणीतून नाही. विक्रेत्याला आपला माल पाठ असतो, आणि पाठ असलेली गोष्ट तो पुन्हा मोजत नाही. चुका तिथेच दडून बसतात.

सतरांपैकी आठ तक्रारी रंगाच्या, चार ब्लाऊजच्या, तीन काठ आणि पदराच्या आणि दोन कापडाच्या निघाल्या.

परतीच्या फॉर्मवरच्या कारणांवर फार विसंबून चालत नाही. त्या यादीतून ग्राहक बहुधा वरचा पर्याय निवडून मोकळा होतो, म्हणून "क्वालिटी खराब" या खात्यात रंगाच्या कितीतरी तक्रारी जाऊन पडतात. खरं कारण शेजारच्या मोकळ्या चौकटीत लिहिलेलं असतं. चार आणि पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू तर आवर्जून वाचावेत. "साडी छान आहे, रंग हिरव्याकडे आहे पण मला चालला" हे वाक्य या प्रकरणात सर्वांत कामाचं ठरलं. लिहिणारीला पैसे परत नको होते, राग काढायचा नव्हता. तिने जे दिसलं तेच लिहिलं.

मग रंगाच्या आठही तक्रारी एकाच गोष्टीसाठी पुन्हा वाचल्या: फरक कोणत्या दिशेने आहे? आठही जणींनी हेच लिहिलं होतं की साडी फोटोपेक्षा हिरवी आली. एकीनेही जास्त निळी आल्याचं म्हटलं नव्हतं. चौघींनी हिरवी आणि चौघींनी निळी म्हटलं असतं, तर संशय रंगाईच्या वेगवेगळ्या लॉटवर किंवा ग्राहकांच्या फोनच्या स्क्रीनवर गेला असता. सगळ्यांचं बोट एकाच दिशेला असलं, की चूक विकणाऱ्याच्या फोटोत किंवा शब्दांत आहे असं समजावं.

शब्दांना हात लावण्याआधी साडी पाहिली

वर्णन बदलण्याआधी एक शंका फेडावी लागते: पाठवला जाणारा माल तोच आहे ना? फोटो पहिल्या लॉटमधल्या साडीचा असतो. तिसऱ्या लॉटला पुरवठादाराने आडव्या धाग्याची छटा बदललेली असते आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. कधी दोन जवळच्या रंगांचे कोड शेजारी असतात आणि पॅकिंग करणारा चुकतो. अशा वेळी कितीही चांगलं वर्णन लिहिलं तरी उपयोग नाही. ते एका लॉटला लागू पडतं आणि दुसऱ्याला खोटं ठरतं. ओळखायची खूण तारखांत असते. तक्रारी एखाद्या दिवसापासून अचानक सुरू झाल्या असतील आणि त्याच सुमारास नवा माल आला असेल, तर दोष मालात आहे. पहिल्या आठवड्यापासून एकसारख्या येत असतील, तर लिस्टिंगमध्ये.

इथे तक्रारी पहिल्यापासूनच होत्या. तरी फोटोतली मूळ साडी आणि गोदामातल्या तीन साड्या शेजारी मांडून पाहिल्या. चारही सारख्याच निघाल्या.

मग त्यांतली एक साडी तीन उजेडांत पाहिली: सकाळी खिडकीपाशी थेट ऊन नसताना, पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली, आणि पिवळ्या बल्बखाली. खिडकीपाशी ती निळसर हिरवी दिसली. ट्यूबखाली निळा वर आला. पिवळ्या दिव्याखाली निळा जवळजवळ गेलाच आणि साडी सरळ हिरवी झाली. कारण कापडातच होतं. उभा धागा, म्हणजे ताणा, निळा होता आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, हिरवा. अशा दुरंगी किंवा धूपछाव विणीत दोन्ही रंग एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी शेजारी राहतात. कापड कोणत्या कोनातून पाहता यावर कोणता धागा जास्त दिसेल ते ठरतं. निऱ्यांच्या वळणात निळा उठतो, सपाट अंगावर हिरवा. त्यात पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी असतो, म्हणून निळ्या धाग्यावरून डोळ्यापर्यंत फारसं काही परतत नाही.

फोटो काढला होता स्टुडिओच्या पांढऱ्या दिव्यांखाली, पुतळ्याला नेसवून, दाट निऱ्या घालून. म्हणजे निळा दिसावा अशीच सगळी मांडणी होती, आणि वरून रंगाचा गडदपणाही वाढवला होता. ग्राहक पार्सल उघडते संध्याकाळी, घरच्या दिव्याखाली, आणि साडी असते सपाट घडीत. तिला हिरवीच दिसणार.

आता "मोरपंखी" हा शब्द. तो चुकीचा मुळीच नाही, मोराच्या पिसात दोन्ही रंग असतात. अडचण तीच आहे. मोरपंखी म्हटल्यावर एकीच्या डोळ्यापुढे मोराची मान येते, निळी. दुसरीच्या डोळ्यापुढे पिसारा येतो, हिरवा. "चिंतामणी" आणि "रामा" या रंगांची गतही अशीच. दुकानात समोरासमोर बसून साडी उलगडून दाखवायची असते तेव्हा ही नावं गोड वाटतात आणि खपतातही, कारण शब्दाच्या शेजारी कापड असतं. ऑनलाइन शब्दाच्या शेजारी फक्त फोटो असतो, आणि फोटो निळा होता. शब्दाने दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या आणि फोटोने त्यांतली चुकीची निवडून दिली.

काठ आणि पदराचं प्रकरण टेपने लगेच मिटलं. काठ भरला ४ इंच, पदराचं नक्षीकाम २८ इंच. "मोठा काठ" हे विक्रेत्याचं म्हणणं त्याच्या मते खरं होतं, कारण त्याच्याकडच्या इतर साड्यांचा काठ अडीच इंचाचा आहे. ग्राहकाला ही तुलना कुठून कळावी? त्यातून फोटो खालच्या बाजूने, जवळून घेतलेला, त्यामुळे पायाशी असलेला काठ सहा-सात इंचांचा वाटत होता. साडीची लांबी ५.५ मीटर आणि त्याला जोडलेला ब्लाऊज पीस ०.८ मीटर, एकूण ६.३ मीटर. वर्णनात हा आकडा नव्हताच. बाजारपेठेच्या "लांबी" या ठरलेल्या रकान्यात मात्र ६.५ मीटर भरलेलं होतं. कॅटलॉगच्या एक्सेल शीटमध्ये वरच्या ओळीतून खाली ओढताना जुन्या साडीचा आकडा तसाच आला होता. असे रकाने कुणी उघडून पाहत नाही, पण गाळणी, म्हणजे फिल्टर, लावून शोधणाऱ्या ग्राहकाला तेच दिसतात.

ब्लाऊजच्या चारही तक्रारींचं मूळ एकच फोटो होता. पुतळ्याला राणी रंगाचा शिवलेला ब्लाऊज घातला होता. साडीबरोबर येतो तो हिरवाच, साध्या अंगाचा, न शिवलेला. शीर्षकात "ब्लाऊज पीससह" एवढंच.

दोन तक्रारी, पण सर्वांत जड

कापडाबद्दल फक्त दोघींनी लिहिलं होतं. एकीचे शब्द: "हे सिल्क नाही, चमक प्लास्टिकसारखी आहे." संख्येने ही तक्रार सर्वांत मागे, पण हात आधी तिलाच घालायला हवा होता. रंगाची तक्रार आवडीनिवडीत मोडते, कापडाची तक्रार खऱ्याखोट्यात.

पुरवठादाराला विचारलं तर तो म्हणाला, "सॉफ्ट सिल्क आहे." हा बाजारातला शब्द आहे, धाग्याचं नाव नाही. त्यापेक्षा त्याचं बिल पाहावं. बिलावर एचएसएन कोड, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, असतो. रेशमी कापडाचा कोड ५००७ ने सुरू होतो, पॉलिस्टरसारख्या सिंथेटिक फिलामेंट धाग्याच्या कापडाचा ५४०७ ने, आणि व्हिस्कोससारख्या कृत्रिम फिलामेंटचा ५४०८ ने. इथल्या बिलावर ५४०७ होता. तोंडाने सिल्क म्हणणारा माणूस कराच्या कागदावर सहसा सिल्क लिहीत नाही.

खातरजमेसाठी पदराच्या दशीतला एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहता येतो. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि त्याची राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. इथे मणीच उरला. मिश्र धाग्यात ही परीक्षा फसवी ठरते, म्हणून तिच्या भरवशावर टक्केवारी छापू नये. ती पुरवठादाराकडून लेखी घ्यावी. शुद्ध रेशमाचा दावा करायचाच असेल तर सिल्क मार्कचं लेबल असलेला माल घ्यावा.

"पैठणी" या शब्दाचंही हेच. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हे नाव कायद्याने राखलेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न ग्राहकाच्या नाराजीपुरता राहत नाही. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे जागच्या जागी अडकवत विणतात, म्हणून पदर मागून पाहिला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते. यंत्रमागाच्या जॅकार्डवर विणलेल्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ज्या बाईने आईची पैठणी हाताळलेली आहे ती घडी उघडताच आधी पदर उलटून पाहते. तिथे "अस्सल पैठणीचा राजेशाही थाट" टिकत नाही.

विक्रेत्याचं म्हणणं होतं की "पैठणी" काढलं तर शोधात साडी खाली जाईल. ते बरोबर होतं. "सेमी पैठणी" वापरता येईल का, यावर बराच खल झाला. बाजारात तो शब्द रुळलेला आहे, पण त्याचा अर्थ पक्का नाही. कुणी यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमाला सेमी म्हणतं, कुणी संपूर्ण पॉलिस्टरला. शेवटी शीर्षकातून "पैठणी" काढलं आणि वर्णनात एक वाक्य घातलं: ही हातमागाची पैठणी नाही. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता, मग ऑर्डरी कमी झाल्या तरी. पैठणी शोधत आलेली आणि पॉलिस्टर मिळालेली ग्राहक ही ऑर्डर नव्हेच, ती फक्त परत येण्याआधीची साडी.

नवं वर्णन

शीर्षक असं झालं: "हिरवी-निळी दुरंगी साडी, आर्ट सिल्क (पॉलिस्टर), ४ इंच जरी काठ, मोर पदर". रंग आणि कापड आधी आणले, कारण मोबाइलवर शीर्षक अर्ध्यात कापलं जातं आणि उरलेलं कुणी वाचत नाही. "आर्ट सिल्क"च्या शेजारी "पॉलिस्टर" घातलं, कारण इथला आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, कृत्रिम, पण त्याचा अर्थ कलाकुसर असा समजणारे कमी नाहीत.

वर्णन असं:

"रंग: उभा धागा निळा, आडवा हिरवा. सपाट अंगावर साडी हिरवी दिसते, निऱ्यांच्या वळणात आणि चालताना निळी झाक येते. दिवसाच्या उजेडात दोन्ही रंग दिसतात. पिवळ्या दिव्याखाली साडी हिरवीच दिसेल. निळी साडी हवी असेल तर ही घेऊ नका.

कापड: १०० टक्के पॉलिस्टर, यंत्रमागावर विणलेलं. ही हातमागाची पैठणी नाही. पदराच्या मागच्या बाजूला नक्षीचे धागे दिसतात. चमक ठळक आहे.

मापं: साडी ५.५ मीटर, ब्लाऊज पीस ०.८ मीटर, साडीलाच जोडलेला. काठ दोन्ही बाजूंना ४ इंच. पदराची नक्षी २८ इंच. फॉल-पिको केलेलं नाही.

ब्लाऊज पीस: हिरवा, साधा, न शिवलेला."

"निळी साडी हवी असेल तर ही घेऊ नका" या वाक्यावर विक्रेता अडला होता. पण सगळ्या वर्णनात परती थांबवण्याचं काम हेच वाक्य करतं. बाकीची वाक्यं माहिती देतात. हे वाक्य त्या आठ जणींशी थेट बोलतं, आणि फरक कोणत्या बाजूला आहे ते आधीच सांगून टाकतं. "थोडा फरक असू शकतो" ही ओळ मात्र काढून टाकली. एवढं नेमकं लिहिल्यावर ती राहिली असती तर वाचणारीला वाटलं असतं की याहूनही आणखी काही वेगळं निघणार.

"चमक ठळक आहे" हे "प्लास्टिकसारखी चमक" या तक्रारीचं उत्तर. इथे "राजेशाही चमक" लिहिण्याचा मोह होतो. विशेषण चांगलं की वाईट हा प्रश्न नाही. ग्राहक पार्सल उघडून ते पडताळू शकते का, एवढंच विचारावं. ठळक की मंद हे तिला दिसतं. राजेशाही आहे का यावर भांडण होऊ शकतं.

गाळणीच्या "रंग" या रकान्यात एकच पर्याय निवडता येत होता. आधी "निळा" होता, तो "हिरवा" केला. लांबीचा रकाना ६.३ मीटर केला. कापडाच्या रकान्यात "सिल्क" होतं, तिथे "पॉलिस्टर" आलं. शब्द बदलले आणि रकाने तसेच राहिले, तर लिस्टिंग स्वतःशीच भांडत राहते आणि ग्राहक तिच्या सोयीचा भाग खरा मानते.

फोटोंबद्दल थोडक्यात. नुसते शब्द बदलून निळा फोटो वर ठेवला असता तर फोटोच जिंकला असता. नवे फोटो खिडकीच्या उजेडात काढले, पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड ठेवून त्यावरून रंगाचा तोल लावला, गडदपणा वाढवला नाही, आणि sRGB या स्क्रीनसाठी ठरलेल्या रंगमर्यादेत निर्यात केले. गडद निळा-हिरवा हा त्या रंगमर्यादेच्या काठावरचा रंग आहे, तो स्क्रीनवर पूर्ण उतरत नाही. म्हणून एक फोटो सपाट अंगाचा आणि एक निऱ्यांचा, असे दोन शेजारी दिले आणि खाली "सपाट" आणि "निऱ्यांत" एवढंच लिहिलं. तिसरा फोटो काठावर टेप ठेवून, चौथा पदराच्या मागच्या बाजूचा. राणी ब्लाऊजचा फोटो सगळीकडून काढला. "ब्लाऊज दाखवण्यापुरता आहे" अशी टीप देऊन तो ठेवता आला असता, पण फोटो आधी दिसतो, टीप नंतर वाचली जाते, वाचली गेलीच तर.

बदल केल्यावर

ज्या दिवशी मजकूर बदलला त्या दिवशी जुन्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवले. जुनं वर्णन वाचून ऑर्डर दिलेल्या ग्राहकाला जुन्याच वर्णनाचा हक्क असतो, आणि वाद झाला तर तिने काय वाचलं होतं हे दाखवावं लागतं. त्या दिवशी न पाठवलेल्या अकरा ऑर्डरी होत्या. त्या प्रत्येकीला दोन नवे फोटो आणि एक निरोप गेला: "ताई, साडी पाठवण्याआधी एकदा बघून घ्या. ती फोटोतल्यापेक्षा हिरवी आहे आणि कापड पॉलिस्टर आहे. नको असेल तर आज ऑर्डर रद्द करतो, पैसे पूर्ण परत." चौघींनी रद्द केली. विक्रेत्याला वाईट वाटलं, पण त्या चार साड्या पुण्याहून जाऊन पुन्हा पुण्यातच आल्या असत्या.

जुन्या रिव्ह्यूंखाली उत्तरं दिली, प्रत्येकीला वेगळं: "तुमचं बरोबर आहे, साडी सपाट अंगावर हिरवीच दिसते. वर्णन आणि फोटो आता बदलले आहेत." सबब नाही, स्क्रीनला दोष नाही. जुनी लिस्टिंग बंद करून तीच साडी नव्या नावाने चढवण्याचा सल्लाही कुणीतरी दिला होता. त्याने वाईट रिव्ह्यू जातात, बरोबर चांगलेही जातात, आणि आधी परत केलेली ग्राहक तीच साडी ओळखते. ओळखीच्यांकडून पाच तारे लिहवून घेणं तर दूरच ठेवावं. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिणं त्याच २०२० च्या नियमांत निषिद्ध आहे.

जुना मजकूर सर्वांत चिवट ठरतो तो रिसेलर मंडळींकडे. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राणी ब्लाऊजचा फोटो आणि "अस्सल पैठणी" ही ओळ महिनोन्‌महिने पुढे सरकत राहते. वीस रिसेलरना नवे फोटो पाठवले आणि जुने पुसायला सांगितलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी आलेल्या दोन परती जुन्या फोटोवरच्याच निघाल्या.

निकाल मोजताना परतीच्या तारखेने मोजलं तर चित्र चुकतं. बदलानंतरच्या आठवड्यात परत येणाऱ्या साड्या बहुतेक जुन्या वर्णनावर गेलेल्या असतात. म्हणून ऑर्डरच्या तारखेने दोन ढीग केले आणि पोहोचण्याचा व परतीचा काळ संपेपर्यंत, साधारण तीन आठवडे, वाट पाहिली. कॅश ऑन डिलिव्हरीची जी पार्सलं दारातूनच न उघडता परत येतात ती वेगळी काढली, कारण त्या ग्राहकांनी साडी पाहिलेलीच नसते.

आधी शंभर ऑर्डरींत अठरा परती होत्या. तेवढ्याच काळात बदलानंतर ऑर्डरी आल्या अठ्ठ्याऐंशी आणि परती सात. टिकलेल्या साडीमागे सगळा खर्च जाऊन ६२० रुपये सुटत होते, परतीच्या साडीमागे जाण्यायेण्याचे आणि पुन्हा इस्त्री-पॅकिंगचे मिळून २१० रुपये जात होते. आधी: ८२ साड्यांचे ५०,८४० वजा १८ परतींचे ३,७८०, म्हणजे ४७,०६०. नंतर: ८१ साड्यांचे ५०,२२० वजा ७ परतींचे १,४७०, म्हणजे ४८,७५०. कमाई १,६९० रुपयांनी वाढली, फार नाही. पण बारा ऑर्डरी कमी येऊनही ती घटली नाही. परतीचं प्रमाण आठ टक्क्यांवर राहिलं तर ऑर्डरी पंच्याऐंशीपर्यंत उतरल्या तरी कमाई पूर्वीएवढी राहते. परतीत डाग पडलेल्या किंवा घडी विस्कटून आलेल्या आणि मग कमी भावात काढाव्या लागणाऱ्या साड्या या हिशोबात धरलेल्याच नाहीत.

त्या सात परतींत रंगाची तक्रार एकच होती, ब्लाऊजची एकही नाही. दोन होत्या जुन्या फोटोवरच्या. एकीचं कारण कळलं नाही. उरलेल्या तिघींनी मात्र नवीनच लिहिलं होतं: "साडी हलकी वाटते, अंगावर बसत नाही." भरजरी हा शब्द गेल्यावरही जरीच्या पदराचा फोटो पाहून त्यांना वजनदार साडीची अपेक्षा होती. ब्लाऊज पीस धरून साडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, ६२० ग्रॅम भरली. मापांच्या ओळीत तो आकडा गेला.